झोपेची साधी गोळी नव्हे ती : आयुर्वेदिक औषधांच्या परवाना अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. परवाना अधिकारी (आयुर्वेदिक औषधे) यांस,
आणि ही गोळी लिहून देणारे माझे वैद्य बंधुभगिनी, बीपीच्या गोळ्या लिहिणारे डॉक्टर व औषध दुकानदार यांस,

सप्रेम नमस्कार.

सर्पगंधाच्या गोळ्यांच्या डबीवर कसलाही इशारा नाही, अशी लेखी तक्रार मी आपल्या कार्यालयाकडे केली होती. तिला उत्तर आलं : "सदर उत्पादन परवानाप्राप्त असून लेबलवरील मजकूर नियमानुसार आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." लेबल नियमात बसतं की नाही, हा माझा प्रश्नच नव्हता. ही गोळी घेणाऱ्याला ती कशाची आहे हे कळतं का, असं मी विचारलं होतं. त्यावर उत्तरात एक अक्षर नाही, म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

मी कुठल्या बाजूने बोलते आहे तेही सांगून टाकते, नाहीतर पत्र अर्धं वाचून लोक मला "आयुर्वेदविरोधी" म्हणून मोकळे होतील. मी वैद्य आहे. माझा दवाखाना आहे आणि सर्पगंधा मी स्वतः रुग्णांना देते. मोजक्यांना देते, पण देते. या मुळीत गुण आहे यात मला शंका नाही. गुण आहे म्हणूनच हे पत्र लिहावं लागतं आहे; निरुपयोगी पाला असता तर कोणी कितीही खाल्ला तरी मी गप्प बसले असते.

या मुळीची ताकद जगाला कळली ती मुंबईतून. झोप न लागणं, डोकं फिरणं यांसाठी बिहार-बंगालकडे ती पिढ्यान् पिढ्या वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे कान टवकारले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि पुढची काही वर्षं ते बीपीचं आघाडीचं औषध होतं. हा इतिहास आमच्या व्याख्यानांत अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या पुढचं पान मात्र सहसा कोणी उलटत नाही. १९५४ सालीच एडवर्ड फ्रीस या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं की जास्त मात्रेत दीर्घकाळ रेसरपिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीनतेत जात आहेत. मग तशा नोंदी येतच राहिल्या.

यावर पुढे वाद झाला, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. त्या काळच्या मात्रा मोठ्या होत्या. काही रुग्णांना खरं नैराश्य नव्हतं, नुसती सुस्ती किंवा बेचैनी होती, असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि कमी मात्रेत हा धोका बराच कमी दिसतो. तरीही रेसरपिनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना राहिली : खिन्नता, पहाटे लवकर जाग येणं, भूक मरणं, स्वतःला कमी लेखणं यातलं काहीही पहिल्यांदा दिसताच औषध थांबवा; हे नैराश्य औषध बंद केल्यावरही काही महिने टिकू शकतं आणि आत्महत्येपर्यंत जाऊ शकतं. त्याच मुळीच्या आपल्याकडच्या डबीवर काय असतं? "थंड व कोरड्या जागी ठेवावे."

आता माझ्या मामांबद्दल. वय ६८, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. मुक्कामी गाड्या आणि पहाटेच्या ड्युट्या करून झोपेची घडी कायमची विस्कटलेली. बीपीसाठी कित्येक वर्षं सकाळी अॅटेनोलॉल ५० आणि अॅम्लोडिपिन ५ चालू, नाडी साधारण ६४. तालुक्याच्या एका औषध दुकानात त्यांनी झोपेसाठी काहीतरी मागितलं. दुकानदाराने सर्पगंधाची डबी पुढे केली. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही, बीपीलाही चांगली." गोळीत २५० मिलिग्रॅम मूळ. रात्री एक घ्या म्हणाला.

तीन रात्री काहीच फरक पडला नाही. चौथ्या दिवसापासून मामांनी स्वतःच मात्रा वाढवली : सकाळी दोन, रात्री दोन.

या जागी थोडं थांबते, कारण सगळा घोळ इथेच होतो. सर्पगंधा ही त्या रात्रीपुरती झोपेची गोळी नाही. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनलिन, सिरोटोनिन, डोपामिन ही द्रव्यं अगदी बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपिन या पिशव्या भरणारी यंत्रणाच बंद पाडतं. बाहेर राहिलेलं द्रव्य तिथल्या तिथे नष्ट होतं आणि साठा हळूहळू आटत जातो. रक्तवाहिन्यांकडचा साठा आटला की त्या सैल पडतात, दाब उतरतो, नाडी मंदावते. मेंदूतला आटला की माणूस शांत होतो, सुस्तावतो, झोपतो. पण साठा आटायला दिवस लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे. तोवर माणसाला वाटतं गोळी लागू पडत नाही, आणि तो मात्रा वाढवतो. बंद केल्यावरही तीच रड : बंद पाडलेली यंत्रणा पुन्हा चालू होत नाही, नव्या पिशव्या तयार व्हाव्या लागतात, म्हणून परिणाम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे रेंगाळतो. सावकाश चढतं, सावकाश उतरतं. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात माणूस खचला, तर त्याचा संबंध त्या "झोपेच्या गोळी"शी कोणी जोडतच नाही.

मात्रेचा हिशोबही करून बघा. चार गोळ्या म्हणजे १ ग्रॅम मूळ. चांगल्या मुळात रेसरपिन साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास असतं असं धरलं, तर १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम. बीपीसाठी रेसरपिनची रोजची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. म्हणजे चौपट ते दहापट! चूर्णातलं सगळं अंगी लागतंच असं नाही, आणि मुळात इतरही अल्कलॉइड्स असतात, त्यामुळे हा हिशोब काटेकोर नाही हे मान्य. मग मुळाच्याच चूर्णाच्या जुन्या अॅलोपॅथिक गोळ्यांशी तुलना करा. त्यांची कायम घ्यायची मात्रा दिवसाला ५० ते ३०० मिलिग्रॅम होती. मामा १,००० मिलिग्रॅम घेत होते आणि शिवाय अॅटेनोलॉल.

पहिले दोन आठवडे घरात आनंदीआनंद. मामा रात्रभर झोपू लागले. दीडशेच्या घरातलं बीपी १२०/७६ वर आलं. दुकानदाराचं कौतुक झालं, दोन शेजाऱ्यांनीही डब्या आणल्या. मग मामांचं नाक चोंदायला लागलं. सर्दी नाही, शिंका नाहीत, नुसतं बंद नाक. नाकातल्या रक्तवाहिन्या सैल पडून सुजतात त्याचं ते लक्षण, सर्पगंधा देणाऱ्या प्रत्येक वैद्याला ठाऊक असायला हवं असं. मामांनी त्यावर दुकानातूनच सर्दीची गोळी आणली. तीत गुंगी आणणारं एक औषध आणि नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन होतं. साठा आटलेलं शरीर या दुसऱ्या औषधाला नेहमीपेक्षा जोरात प्रतिसाद देऊ शकतं, म्हणजे बीपी वर. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी, अशी साखळी तयार झाली.

दुसऱ्या महिन्यात मामा बदलले. कट्ट्यावर जाणं बंद. वर्तमानपत्र घडी न मोडता तसंच पडून. जेवणात दोन घास. पहाटे तीनला जाग, आणि मग छताकडे बघत पडून राहायचं. मामीला म्हणाले, "आता माझा कुणाला काय उपयोग?" घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. फॅमिली डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम तपासलं, सगळं ठीक आलं. नैराश्य वाटतं म्हणून त्यांनी सर्ट्रालिन सुरू केली आणि रात्रीसाठी क्लोनाझेपाम. निदान चुकलं म्हणणार नाही, नैराश्य होतंच. फक्त सिरोटोनिनचा साठा एक गोळी रिकामा करत असताना, असलेलं सिरोटोनिन टिकवून काम करणाऱ्या गोळीकडून अपेक्षा ठेवली जात होती. आणि गुंगीवर गुंगी चढली ती वेगळीच.

एका पहाटे मामा बाथरूमकडे जाताना पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी ४४. आडवं असताना वरचं बीपी १२६, उभं केल्यावर ९२. मी पोचले तेव्हा मामीने औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली आणि तीत ती डबी निघाली. कोणत्याही डॉक्टरच्या कागदावर तिचं नाव नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि मामांच्या लेखी ते "औषध" नव्हतंच.

तिथल्या डॉक्टरांनी सर्पगंधा थांबवली आणि अॅटेनोलॉल टप्प्याटप्प्याने कमी केली (ती एकदम तोडायची नसते, हे घरी प्रयोग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं). दोन आठवड्यांत नाडी साठच्या वर आली, नाक मोकळं झालं. मन यायला मात्र दोन महिन्यांहून जास्त लागले आणि तोवर घरातल्यांनी त्यांना एकटं सोडलं नाही. नाडी अॅटेनोलॉलनेही मंदावते हे मला माहीत आहे. पण ती गोळी वर्षानुवर्षं चालू असताना नाडी ६४ होती. नवीन आलं होतं ते एकच.

या सगळ्यात माझं म्हणणं काय आहे ते मुद्द्याने मांडते.

पहिली तक्रार लेबलची. धोतरा, वचनाग, कुचला, भांग अशी द्रव्यं औषधविषयक नियमांच्या ई(१) परिशिष्टात आहेत आणि ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असा इशारा इंग्रजीत आणि हिंदीत छापावाच लागतो. माझ्या हातातल्या डबीवर तो नव्हता, आणि आपल्या उत्तरानुसार तो नसणं नियमाला धरून आहे. मग नियमच अपुरा आहे. यादी बदलणं दिल्लीच्या हातात आहे हे मला समजतं. पण शिफारस पाठवणं आपल्या हातात आहे, आणि राज्यातल्या उत्पादकांना पत्र काढणंही.

दुसरी तक्रार डबीत नेमकं काय आहे याची. "सर्पगंधा मूळ २५० मिलिग्रॅम" यावरून मला वैद्य म्हणूनही मात्रा ठरवता येत नाही. अल्कलॉइड्स मुख्यतः मुळाच्या सालीत असतात; साल घासून निघालेलं मूळ आणि साल शाबूत असलेलं मूळ यांत मोठा फरक पडतो. बाजारात सर्पगंधा म्हणून तिच्या जातभाई वनस्पतींची मुळंही येतात, कारण खरी सर्पगंधा रानात दुर्मिळ झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. त्यातून घनवटी असेल तर काढा आटवून केलेला अर्क, म्हणजे वजनाचा हिशोबच निराळा. शिवाय तिच्या एका प्रचलित पाठात खुरासानी ओवा आणि भांगही असते. एकाच वजनाच्या दोन डब्या एकाच माणसाला दोन तऱ्हेने लागू पडू शकतात. प्रत्येक बॅचमधलं रेसरपिन मोजून ते लेबलवर छापायला तांत्रिक अडचण काहीही नाही.

तिसरी, विक्रीची. चिठ्ठीशिवाय ही गोळी हातावर ठेवली जाते, तीही झोपेची आणि बीपीची म्हणून. उच्च रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मग काउंटरवरच्या पुठ्ठ्यावर "बीपीवर रामबाण" लिहिलेलं असतं त्याकडे कानाडोळा का होतो, हे जरा सांगाल का?

चौथी तक्रार आम्हा लिहिणाऱ्यांची आहे आणि ती दोन्ही पॅथींना लागू आहे. डॉक्टर मंडळी "इतर काही औषध घेता का?" असं विचारतात आणि रुग्ण नाही म्हणतो. त्याऐवजी "झोपेसाठी, बीपीसाठी काही आयुर्वेदिक, घरगुती, कुणी सांगितलेलं घेता का? घरातली सगळी पिशवी घेऊन या" असं म्हणा. वैद्य मंडळींना वेगळं सांगायचं आहे. ज्याला स्वतःला कधी नैराश्य आलं आहे त्याला सर्पगंधा द्यायची नाही. पोटात अल्सर असेल तर नाही, कारण ती आम्ल वाढवते. कंपवात असेल तर नाही. तिथे डोपामिन आधीच कमी असतं आणि लेव्होडोपाचा परिणामही ती मारते. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर त्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही, नाडी आणि हृदयाची लय दोन्ही बिघडू शकतात. नैराश्याच्या आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना सांगितलंच पाहिजे, भुलेत बीपी खाली जाऊ शकतं. मी स्वतः देते तेव्हा सुरुवात अगदी थोड्या मात्रेने करते, पहिले दोन आठवडे ती वाढवत नाही, दर खेपेला नाडी आणि उभ्याचं बीपी बघते, आणि घरच्या एका माणसाला वेगळं बोलावून सांगते : नाक चोंदलं, पहाटे जाग यायला लागली, माणूस गप्प झाला, तर माझ्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. हे घरच्यालाच सांगावं लागतं, कारण खचत चाललेला माणूस स्वतःहून तक्रार करत नाही.

आता मागण्या.

सर्पगंधा असलेल्या प्रत्येक औषधावर, मूळ असो, वटी असो वा घनवटी, समोरच्या बाजूला मराठीत इशारा हवा : वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, नैराश्य, अल्सर, कंपवात असल्यास घेऊ नये, बीपी, हृदय, मन किंवा झोपेच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे, परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, मात्रा स्वतः वाढवू नये. शेवटची ओळ जागेअभावी गाळू नका. मामांच्या बाबतीत तेवढी एक ओळ पुरली असती.

प्रत्येक गोळीतलं रेसरपिनचं प्रमाण छापलं जावं. विक्री वैद्य किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच व्हावी. आणि माझ्यासारखी तक्रार आली की ती "लेबल नियमानुसार" या शेऱ्याखाली फाइलबंद न करता औषधाच्या दुष्परिणामाची नोंद म्हणून पुढे पाठवावी. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांसाठी राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. नोंदी तिथे पोचल्याच नाहीत, तर "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य कागदोपत्री खरंच ठरत राहणार.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरात ही डबी आहे, त्यांनी घाबरून आजच्या आज सगळी औषधं बंद करू नयेत, बीपीच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. डबी घेऊन लवकरात लवकर आपल्या डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जावं. माणूस मरणाची भाषा बोलत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं ठेवू नका. तडक दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

अधिकारी महोदय, मूळ तक्रार, आपलं उत्तर, डबीच्या चारही बाजूंचे फोटो आणि मामांच्या संमतीने दवाखान्याचे कागद पुन्हा एकदा स्पीड पोस्टाने पाठवते आहे. वरच्या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असल्यास का, एवढंच लेखी कळवावं.

आपली,
एक वैद्य
(सातारा जिल्हा)